फोटोतला कचऱ्याचा डबा काढताना सिलेक्शन किती घ्यायचं: माझा अनुभव

आई-बाबांचा बाकावर बसलेला एक फोटो मला मोठा छापून घ्यायचा होता. मागे विटांची भिंत, खाली चौकोनी फरश्या, आणि बाकाला उजवीकडून खेटून एक हिरवा कचऱ्याचा डबा. डब्याची लांब सावली फरशीवर तिरकी पडलेली. फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. हे २०२३ मधलं, फोटोशॉपमध्ये Generative Fill, म्हणजे निवडलेल्या जागी AI ने नवं चित्र भरून देणारं साधन, नुकतं आलं होतं तेव्हाचं.

Object Selection Tool ने डबा अगदी कडेकडेने निवडला, काय हवं ते लिहायच्या चौकटीत काहीच न लिहिता Generate दाबलं. तीन नमुने आले. एकात कुंडी, एकात वेगळाच डबा, तिसऱ्यात लाकडी खोकं. पुन्हा पुन्हा दाबलं तरी तिथे काही ना काही उभंच राहायचं.

मग १००% झूम करून सिलेक्शनची कड नीट पाहिली. डब्याची दोन-तीन पिक्सेलची हिरवी रेघ बाहेर राहिली होती, आणि सावली तर सगळीच. तेव्हा उलगडा झाला. निवडलेल्या भागात आधी काय होतं त्यावर हे साधन विसंबत नाही. भोवती जे उरलं आहे त्यावरून आत काय असावं हे ते ठरवतं. भोवती सावली उरली असेल, तर ती पाडणारी वस्तू आत येणारच. डबा मी काढला होता, पण तो तिथे असल्याचा पुरावा जागेवरच ठेवला होता.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या वेळी मी सढळ हाताने निवडलं. बाकाच्या कडेपासून फोटोच्या उजव्या टोकापर्यंत भिंत आणि खालची फरशी, साधारण २५०० पिक्सेल रुंद. डबा गेला, पण भिंतही बिघडली. विटांचे थर डावीकडच्या खऱ्या थरांशी जुळून सुरू व्हायचे आणि उजवीकडे जाता जाता हळूहळू खाली उतरायचे, कारण त्या बाजूला त्यांना पकडून ठेवणारी एकही खरी वीट मी शिल्लक ठेवली नव्हती. शिवाय सगळा भाग मऊ, धुरकट दिसत होता. त्या वेळच्या मॉडेलचं चित्र जास्तीत जास्त १०२४ पिक्सेल बाजूचं यायचं आणि मग सिलेक्शनच्या मापाला ताणलं जायचं. २५०० रुंदीला म्हणजे जवळजवळ अडीच पट. नव्या मॉडेलमध्ये ही मर्यादा वाढली आहे, पण खऱ्या विटा विनाकारण पुसण्याचा तोटा तसाच राहतो.

तिसऱ्या वेळी सिलेक्शनची सुरुवात पुन्हा डब्यापासूनच केली. Select > Modify > Expand मध्ये ३० पिक्सेल दिले, म्हणजे हिरवी कड पूर्ण आत आली. मग शिफ्ट दाबून धरून लासोने सावली जोडली, तिची विरत जाणारी फिकट कड धरून. एकूण आकार साधारण ११०० × १०५० झाला. उजवीकडे सात-आठ विटांची भिंत जाणूनबुजून बाहेर ठेवली. भिंत आणि फरशी जिथे मिळतात ती रेषा डावीकडून आत शिरताना आणि उजवीकडून बाहेर पडताना दिसली पाहिजे, एवढं मात्र मुद्दाम तपासलं.

या खेपेला पहिल्याच नमुन्यात थर सरळ आले. मी एक सांधा निवडून डावीकडून उजवीकडे नजरेने चालत गेलो. कुठेही पायरी पडली नव्हती.

उरला फक्त बाकाचा उजवा पाय. त्याचा खालचा अर्धा भाग डब्यामागे होता. तो तयार झाला खरा, पण जाड, आणि तळ फरशीपासून थोडा वर. इथे लहान सिलेक्शन चाललं, कारण आता शेजारी डब्याचा मागमूस नव्हता. पायाचा खरा वरचा भाग बाहेर ठेवला, म्हणजे जाडी आणि कल त्यावरून कळेल. खाली मात्र पाय टेकतो ती फरशी आणि पायाची स्वतःची बारीक सावली आत घेतली. सुमारे ३०० × ४०० पिक्सेल. दुसऱ्या नमुन्यात पाय नीट टेकला.

आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडली. प्रत्येक फिल वेगळ्या लेयरवर मास्कसह येतं. बाकाच्या फळीचा चिमूटभर भाग सिलेक्शनमध्ये जाऊन बदलला होता. मास्कवर काळ्या ब्रशने फिरवल्यावर खालची खरी फळी परत आली, लाकडाच्या रेषांसकट. छापायला दिला तो फोटो हाच.