काटा, आणि वरचे चौदा सेकंद

रविवार, रात्री साडेदहा

तालुक्याच्या वाचनालयातली स्लॅम कवितेची स्पर्धा आज झाली. चौथी आले. दोन दिवसांनी तपशील पुसट होतील, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

नियम नेहमीचेच होते. कविता स्वतःची, हातात वस्तू नाही, संगीत नाही, वेशभूषा नाही. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट. त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण कापायचा. परीक्षक पाच, तेही श्रोत्यांतलेच. आज त्यांत एक किराणा दुकानदार होते आणि एक निवृत्त एसटी कंडक्टर काका. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सोडून द्यायचे, उरलेल्या तिघांची बेरीज. ही रीत शिकागोची. मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगार कवीने १९८६ मध्ये तिथल्या ग्रीन मिल या बारमध्ये स्लॅम सुरू केला, तेव्हापासून गुण देण्याचा हक्क समोर बसलेल्या साध्या माणसाकडे आहे. मला या प्रकारातलं हेच सगळ्यात आवडतं.

आयोजकांनी यात एक भर घातली होती. विषय जागेवर मिळणार आणि तयारीला पंधरा मिनिटं. चिठ्ठी निघाली: काटा.

इतके अर्थ असलेला शब्द मिळाला की पहिल्यांदा आनंद होतो, आणि तिथेच घात होतो. पायात रुतणारा काटा, घड्याळाचा काटा, अंगावर येणारा काटा, बाभळीचा काटा. पाच-सहा जणांनी हे आणि असेच आणखी अर्थ एकेका कडव्यात बसवले. ऐकायला बरं वाटलं, पण तीन मिनिटांत सहा अर्थ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट. कुठेच मुक्काम होत नाही आणि परीक्षकाच्या लक्षात एकही चित्र राहत नाही.

मी पहिली दोन मिनिटं काहीच लिहिलं नाही. मनात आलेले पहिले तीन अर्थ सोडून दिले, कारण ते सगळ्यांच्याच मनात आले असणार. चौथा आला तो कापूस मोजायचा काटा. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर टांगलेला, खाली आकडा असलेला. माय वेचणीला जाते, मीही शाळेच्या सुट्यांत जायची. बोचकं आकड्याला लावलं की काटा थरथरतो, वर जातो, खाली येतो, आणि तेवढा वेळ सगळ्या बाया गप्प असतात. दिवसभराची मजुरी त्या थरथरीत असते. मला एवढंच सांगायचं होतं.

मग शेवटची ओळ आधी लिहिली. पाठ करायला वेळ नसतो, म्हणून जायचं कुठे हे आधी ठरलेलं बरं. मधली वाट चुकली तरी मुक्काम सापडतो. ओळ वऱ्हाडीतच आली: "येक डाव मलेच टांग आकड्याले, पाहू दे, सकाळपासून किती उतरली मी." त्यानंतर ध्रुवपद घेतलं, "काटा थांबू दे, मंग सांग." ध्रुवपद कानाला हवं असतंच, शिवाय ते म्हणताना पुढचं कडवं आठवायला दोन-तीन सेकंद मिळतात. मध्ये चार कडवी: सकाळचं दव, भर उन्हातली वेचणी, बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं, आणि काट्यापाशी उभी असलेली माय.

चूक इथे झाली. माझ्या वहीच्या पानावर साधारण १३० शब्द बसतात. लिहून झालं तेव्हा दोन पानं भरून वर चार ओळी होत्या, म्हणजे २८० शब्दांच्या आसपास. मंचावर मी मिनिटाला शंभरेक शब्द बोलते. हिशेब २ मिनिटं ४८ सेकंदांचा झाला, आणि बारा सेकंद हाताशी आहेत असं समजून मी निर्धास्त झाले. पण हा हिशेब रिकाम्या खोलीचा होता. समोर माणसं बसली की ती कवितेत शिरतात. "काटा थरथरते, माय. अडतीसवर जाते, सदतीसवर येते, अन् मालक म्हनते, सदतीस धर," या ओळींवर मागच्या रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा त्या माझ्याबरोबर म्हणू लागल्या. टाळ्यांसाठी घड्याळ थांबत नाही. त्यांच्यावरून बोलले असते तर शब्द वाया गेले असते, म्हणून थांबले, आणि थांबायलाच हवं होतं. तेवढी जागा लिहितानाच सोडायला हवी होती.

चौथ्या कडव्याच्या तोंडाशी वेळ पाहणाऱ्या मुलाने लाल कार्ड वर केलं. मी घाई केली. ज्या ओळीसाठी सगळी कविता उभी केली होती तीच एका दमात उरकली. "उतरली" या शब्दावर श्वासभर थांबलं तरच त्याचे दोन्ही अर्थ पोचतात: वजन किती भरलं, आणि बाई किती झिजली. आज तो शब्द नुसता निघून गेला. याचं फार वाईट वाटतं, गुणांपेक्षाही जास्त.

गुण होते ८.१, ८.४, ८.६, ८.७, ९.२. दोन टोकं गेली, बेरीज २५.७. वेळ ३ मिनिटं २४ सेकंद. सुटीच्या वर चौदा सेकंद, म्हणजे पहिल्या दहाचा अर्धा आणि पुढच्या चाराचाही अर्धा. उरले २४.७. तिसऱ्या आलेल्या मुलाला २५.१ होते आणि त्याने २ मिनिटं ५० सेकंदांत संपवलं होतं. निकालाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

घरी आले तर माय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला पूर्ण कविता म्हणून दाखवली. ऐकून म्हणाली, "सदतीस धर म्हनते हे खरं हाये. पन त्याच्या आंदी बोचक्याच्या कपड्याचा अर्धा किलो कापते, ते काऊन नाई सांगतलं? अन् सकाळी येचलं त दवाचा येगळा कापते."

हे मला आठवायला हवं होतं. दवाचं कडवं मी धुकं आणि पहाट यांच्यावर लिहिलं होतं, त्यात दिसण्यापलीकडे काही नव्हतं. मायच्या एका वाक्यात दव थेट काट्यावर आलं. बसून ते कडवं काढलं, उन्हाचंही काढलं, आणि त्या दोघांच्या जागी चारच ओळी घातल्या:

"कपड्याचा अर्धा किलो,
दवाचा अर्धा किलो,
माह्या घामाचा भार होता त्यात,
त्याचा काय धरला, मालक?"

आता २१० शब्द आहेत. यापुढे जागेवरचा विषय असला तर दीड पानावर पेन ठेवायचा, आणि एका कडव्याभोवती चौकट करून ठेवायची: लाल कार्ड दिसलं तर हे गाळून थेट शेवटाकडे. चौकटीतलं कडवं गेलं तरी अर्थ तुटत नाही ना, हे लिहितानाच पाहायचं. या कवितेत ते बोटांचं कडवं आहे.

मोबाइलवर वेळ लावून पुन्हा म्हटली. मायनेही दोनदा ध्रुवपद धरलं, शेवटच्या ओळीत हवं तिथे थांबता आलं. २ मिनिटं ४३ सेकंद.

माय म्हणाली, "पुन्हा म्हन. पन ते अर्धा किलो जरा हळू म्हन, मालक काई घाईनं कापत नाई."