ग्रहण, भाजी आणि तीन पेरांचा अंगठा

त्या गुरुवारी सकाळी भ्रूणशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अंडी होती. फलित अंडी आम्ही मांजरी गावाच्या बाजूच्या एका पोल्ट्रीतून आणतो. एकदा आमच्या विभागातल्या मामांनी किराणा दुकानातली आणली होती. ती साडेतीन दिवस उबवून नुसता वास सुटला. या वेळी ठीक होती. कवचाला खिडकी पाडली, की भ्रूणाच्या कुशीला तिळापेक्षा लहान फुगवटा दिसतो, तो पंखाचा अंकुर. त्याच्या टोकाच्या कडेला बाह्यस्तराची, म्हणजे सर्वांत वरच्या थराची, जाडसर किनार असते, एईआर. 1948 मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ सॉन्डर्स यांनी ती काढून टाकली, तर पंख पुढे वाढलाच नाही, टोकाकडचा भाग गायब.

मुलं भिंगातून बघत असतानाच सर्जरीतल्या मैत्रिणीचा फोन आला. "विद्यार्थी घेऊन ओपीडीत ये, तुझ्या विषयाचं बाळ आलंय."

चार महिन्यांचा मुलगा. उजव्या हाताला दोन अंगठे, डाव्या हाताचा अंगठा एकच पण लांबडा, तर्जनीसारखा. आई खाली मान घालून बसलेली. तिच्या सासूबाईंनी आम्हाला बोलूच दिलं नाही. "ग्रहणात भाजी चिरली हिनं. मी सांगत होते."

"कितव्या महिन्यात होतं ग्रहण, आजी?"

"सहाव्या."

मी मुलांकडे वळले. हाताचा अंकुर गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात उमटतो, सहाव्यात पंजाच्या चकतीत बोटांच्या रेषा दिसतात, आठवा संपेपर्यंत बोटं सुटी होतात. ओपीडीत आठवडे पाळीपासून मोजतात, म्हणून यात दोन मिळवायचे. तरीही दहाव्या आठवड्यापुढे बोटांची संख्या बदलायला वाव उरत नाही. सहाव्या महिन्यातल्या सुरीने काय होणार?

मग मी बाळाच्या वडिलांना हात पुढे करायला सांगितला. अंगठ्याला दोन पेरं असतात. त्यांच्या अंगठ्यात मधे एक लहानसं तिसरं पेर हाताला लागलं. ते सहज म्हणाले, "आईचा पण असाच आहे, मॅडम." आजींनी हात पदराखाली घेतला.

खरा धडा इथे होता. अंकुराच्या करंगळीकडच्या कडेला पेशींचा एक पुंजका असतो, झेडपीए. तो सोनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतो आणि करंगळीची बाजू कोणती, अंगठ्याची कोणती हे त्यावरून ठरतं. कोंबडीच्या पंखात 2-3-4 अशी तीन बोटं मोजतात. दुसऱ्या भ्रूणाचा पुंजका विरुद्ध कडेला लावला की 4-3-2-2-3-4 असा आरशातला पंख तयार होतो. पण थोड्याच पेशी लावल्या, तर फक्त एक जास्तीचं 2 नंबरचं बोट येतं, हे भ्रूणशास्त्रज्ञ चेरिल टिकल यांनी 1981 मध्ये दाखवलं. म्हणजे संदेश किती, यावर बिघाडाचा आकार ठरतो. या बाळाच्या अंगठ्याकडच्या कडेला, जिथे हा संदेश नसायला हवा, तिथे तो थोडासा चालू झाला असावा, असं मी मुलांना सांगितलं.

एका मुलीने विचारलं, "मग करंगळीकडचा का बिघडला नाही?" कारण तिथे संदेश मुळातच भरपूर आहे. चुकीच्या जागचा थेंब कोरड्या बाजूलाच उठून दिसतो.

तपासणीत मात्र आम्ही आधी फसलो. एक्झोम रिपोर्ट नॉर्मल आला आणि मैत्रीण म्हणाली, "तुझी थिअरी गेली." एक्झोम तपासणीत डीएनएचे मुख्यतः प्रथिनं बनवणारे भाग वाचतात. सोनिक हेजहॉगचा अवयवातला स्विच, झेडआरएस, जीनपासून सुमारे 10 लाख अक्षरं लांब आहे, LMBR1 या दुसऱ्याच जीनच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या तुकड्यात. सोनिक हेजहॉगचं SHH जीन धडधाकट असतं आणि बिघाड स्विचमधल्या एका अक्षराचा असू शकतो. तेवढा तुकडा वेगळा वाचून घेतला. बाळात आणि वडिलांत तोच एक बदल सापडला. हा बदल प्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून पुढच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. पण एकाच घरात कुणाला नुसतं तिसरं पेर, कुणाला दोन अंगठे. किती दिसेल ते आधी सांगता येत नाही.

मुलांना एक बजावलं. एकाच हाताला जास्तीचा अंगठा आणि घरात दुसरं कुणी नाही, अशी बाळं बरीच येतात आणि त्यांच्यात हा बदल बहुधा सापडत नाही. इथे तिसरं पेर आणि तीन पिढ्या होत्या, म्हणून आम्ही त्या दिशेला गेलो.

बाळाची शस्त्रक्रिया वर्षाच्या आसपास ठरली. रिपोर्ट समजावताना सून पहिल्यांदा मान वर करून बघत होती. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं, स्वतःच्या अंगठ्याचं पेर दाबून पाहिलं आणि उठता उठता म्हणाल्या, "ते असेल हो डॉक्टर. पण पुढच्या खेपेला ग्रहणात विळीला हात लावू नको म्हणावं."