मुरुडला मामाकडे: आधी पश्चिम बघ, मग पत्रिका

दापोलीजवळच्या मुरुडला लोक समुद्रासाठी जातात, मी गेले होते एका पत्रिकेसाठी. मैत्रिणीच्या बाळाची पत्रिका तिने कुठल्याशा कॉम्प्युटरवाल्याकडून काढून आणलेली, सासूबाईंना त्यात काहीतरी खटकत होतं पण काय ते सांगता येईना, आणि माझा मामा पंचांगाचं गणित करतो हे तिला माहीत, त्यामुळे "जातेच आहेस तर दाखवून आण ना" म्हणून कागद माझ्या बॅगेत.

स्वारगेटवरून दापोलीची एसटी, ताम्हिणी उतरून माणगाव, महाड करत दुपार होते. पुढे आसूदचा उतार, दोन्ही बाजूंना पोफळी, आणि मग मुरुड. डिसेंबरचा मध्य होता, वीकेंड नव्हता म्हणून गाव गावासारखं दिसत होतं. हे गाव महर्षी कर्व्यांचं म्हणून सगळ्यांना माहीत असतं. पण भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास ज्यांनी १८९६ साली मराठीत लिहिला ते शंकर बाळकृष्ण दीक्षितही मुरुडचेच, हे मामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोच सांगतो, पाहुणा पाणी पिऊन व्हायच्या आत.

मामा ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. पुढच्या गुढीपाडव्याचं पंचांग कधीच छपाईला गेलंय, हा त्याच्याही पुढच्या वर्षाचे आकडे तपासत होता. मी पत्रिका पुढे केली तर बघितलीच नाही. म्हणाला, "अगो, आधी चहा घे आणि साडेपाचला समुद्रावर चल. पत्रिका म्हणजे फोटो आहे आकाशाचा. ज्याचा फोटो तो माणूस कधी बघितला नाहीस तर फोटो बरोबर की चूक कसं सांगशील?"

मला वाटलं टाळतोय. टाळत नव्हता.

किनाऱ्यावर त्याने मला समुद्राकडे तोंड करून उभं केलं. लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण मुरुडला पूर्वेला डोंगर. मामाने हात सरळ लांब करून मूठ धरायला लावली, हात ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश भरते, आणि आमच्या डोंगराची उंची अर्धी मूठ भरली. म्हणजे पाच अंश. आकाश एक अंश सरकायला चार मिनिटं घेतं, म्हणजे खऱ्या क्षितिजावर उगवलेला तारा इथे डोंगरावर दिसायला वीसेक मिनिटं उशीर. "म्हणून इथे पूर्व बघायची नाही, पश्चिम बघायची. समुद्र खोटं बोलत नाही. पश्चिमेला जी रास मावळत्ये तिच्यासमोरची सातवी पूर्वेला उगवत असते."

सहाच्या सुमारास सूर्य बुडाला. सूर्य त्या दिवशी वृश्चिकेच्या शेवटी होता, मावळतीला वृश्चिक म्हणजे उगवतीला वृषभ. बरं, खरं की खोटं? थांबलो. अंधार पडत गेला तशी डोंगराच्या वर कृत्तिकांची पुंजकी दिसली आणि तिच्या खाली लालसर रोहिणी. रोहिणी वृषभेतलीच. आत्ता कुणाचा जन्म झाला असता तर कुंडलीत सगळ्यात वरच्या मधल्या घरात २ हा आकडा, म्हणजे वृषभ, आणि बरोबर समोर खालच्या मधल्या घरात ८ आकडा आणि त्यात सूर्य. मामाने वाळूत चौकोन आखला, कर्ण मारले, मधला हिरा काढला. वरचं मधलं घर पहिलं, तिथून डावीकडे उलट्या काट्याने मोजत जायचं. पहिलं म्हणजे पूर्व, सातवं पश्चिम, दहावं डोक्यावर, चौथं पायाखाली. बास, एवढंच. कागदावरचे ते बारा त्रिकोण-चौकोन मला पहिल्यांदा दिशा म्हणून दिसले.

मग तिथी. सूर्य बुडाला त्या जागेच्या वर डावीकडे बारीकशी कोर होती. मामा म्हणे मोज मुठी. दोन मुठी आणि वर बोटभर, म्हणजे धरू २१ अंश. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते, २१ मध्ये एक बारा पूर्ण जातो आणि नऊ उरतात, म्हणजे प्रतिपदा होऊन गेली, द्वितीया चालू, तिचे तीन अंश बाकी. चंद्र सूर्यापासून दिवसाला साधारण बारा अंश सुटतो म्हणजे तासाला अर्धा, तीन अंशांना सहा तास, म्हणजे द्वितीया मध्यरात्रीच्या आसपास संपणार. घरी येऊन पंचांग उघडलं तर मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, समाप्ती मध्यरात्रीनंतर तासाभरात. मी जाम खूष. मामा खूष नाही, तो म्हणाला बोटभर चूक म्हणजे दोन-तीन तासांची चूक, शिवाय चंद्र काही एका चालीने चालत नाही, पृथ्वीच्या जवळ असला की धावतो, लांब असला की रेंगाळतो, त्यामुळे तिथी कधी वीस तासांतच आटपते आणि कधी पावणेसत्तावीस तास लांबते. मुठीने तिथी कुठली ते कळतं, संपणार कधी हे गणितानेच काढावं लागतं.

जेवणं झाल्यावर (आमटी, वालाची उसळ, मामीने मुद्दाम केलेल्या घावन्या) शेवटी पत्रिका निघाली.

जन्म जानेवारीच्या सुरुवातीचा, वेळ रात्री साडेबारा. लग्न मीन. सूर्य धनू राशीत, दहाव्या घरात. चंद्र मिथुनेत, चौथ्या घरात. मामा काहीच बोलला नाही, कागद माझ्याकडे सरकवला आणि सुपारी कातरत बसला. म्हटलं आता परीक्षा. दहावं घर म्हणजे डोक्यावर. सूर्य डोक्यावर. रात्री साडेबाराला?

"आलं लक्षात?"

आलं होतं. रात्री साडेबाराला सूर्य पायाखाली हवा, चौथ्या घरात किंवा फार तर शेजारच्या. कॉम्प्युटरवाल्याने 12:30 AM च्या जागी 12:30 PM टाकलेलं. सूर्य धनूतच राहणार, तो दिवसाला एक अंशच सरकतो, पण धनू चौथ्या घरात यायला लग्न कन्या पाहिजे. मीन नव्हे. पार समोरची रास! मामाने लॅपटॉपवर खरी वेळ टाकली, कन्याच आलं.

मग आजवर कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? कारण लोक रास बघतात आणि रास म्हणजे चंद्र. बारा तासांत चंद्र सहा-साडेसहा अंशच मागेपुढे होतो, तो दोन्ही वेळांना मिथुनेतच. बाळाच्या आजीला पक्कं आठवत होतं की पौर्णिमा होती, पत्रिकेतही सूर्य-चंद्र समोरासमोर, तेही जुळलं. चंद्र जुळला, तिथी जुळली, म्हणून सगळं बरोबर वाटलं, आणि जे घड्याळावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं ते लग्नच नेमकं चुकलं. मामा अजून एक तपासणी करतो, बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जातच नाही, तेव्हा तो सूर्याच्या राशीत नाहीतर शेजारच्या राशीत असायलाच हवा, दोन घरं सोडून दिसला तर पत्रिका परत. ती इथे पास होती. फळ काय सांगतो विचारलं तर म्हणे, "ते ज्याला सांगायचंय त्याने सांगावं, मी गणितापुरता."

एवढ्यावर झोपले असते, पण मी सहज म्हटलं, आमच्या शेजारच्यांकडे टिळक पंचांग असतं, त्यात संक्रांत १० जानेवारीला येते, आपली १४-१५ ला, मग यातलं चूक कुठलं? झालं. मामा उठला, टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळलं आणि मला परत वाडीच्या मागच्या मोकळ्या जागेत. पलीकडच्या एका रिसॉर्टचे हॅलोजन इतके भगभगीत की आधी माडांच्या आडोशाला दहा मिनिटं डोळे निववत बसावं लागलं.

कोर तोवर बुडालेली. डोक्यावरून पश्चिमेकडे कललेला भाद्रपदांचा मोठा चौकोन मला ओळखता आला. मामाने त्याचा खालचा पूर्वेकडचा कोपरा दाखवला, तिथून खाली पूर्वेकडे फिकट ताऱ्यांची एक रांग जाते, एक, दोन, आणि तिसरा आहे का नाही असा. थेट बघितलं की गायब, जरा बाजूला नजर ठेवली की दिसतो. "तो रेवतीचा योगतारा. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची यावर जो वाद झाला ना, तो याच्यावरून."

राशिचक्राला आकाशात रेघ नाही, कुठला तरी तारा खूण म्हणून धरावा लागतो. केरो लक्ष्मण छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धरला, टिळक पंचांग त्याच वाटेने जातं. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा धरली, तो ठसठशीत तारा, तो बरोबर १८० अंशांवर येईल अशी सुरुवात. १९५५ च्या कॅलेंडर सुधारणा समितीने साधारण हाच दुसरा मार्ग घेतला, आणि आज बहुतेक पंचांगं त्याने चालतात. दोन सुरुवातींत चार अंशांचा फरक, म्हणून संक्रांतीत चार दिवसांचा. संध्याकाळी मी बघितलेला सूर्य आपल्या पंचांगात वृश्चिकेत होता, टिळक पंचांगात त्याच क्षणी धनूत शिरलेला. आकाशात सूर्य तोच. आणि तिथी? दोघांकडे द्वितीयाच, कारण सूर्य आणि चंद्र दोन्ही चार-चार अंशांनी सरकतात, वजाबाकी केली की चार उडून जातात. हे कळल्यावर मला इतकं छान वाटलं की तिथेच मोठ्याने हसले, तर शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

चित्रा सोपी आहे, रेवती धरणाऱ्यांनी एवढा फिकट तारा का निवडला असं मी विचारलं. जुन्या ग्रंथांत रेवतीचा तारा आरंभाशी सांगितलाय म्हणून, एवढंच मामा म्हणाला. माझं मत विचाराल तर ज्याला शोधायला हॅलोजन बंद करावे लागतात तो तारा खूण म्हणून गैरसोयीचाच, पण मामीसमोर हे बोलायची सोय नाही, तिच्या माहेरी टिळक पंचांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीला फोन केला. लग्न बदललं म्हटल्यावर ती शांत होती, नक्षत्र बदललं म्हटल्यावर नाही. दुपारच्या वेळेने चंद्र पुनर्वसूच्या दुसऱ्या चरणात येत होता, अक्षर 'को', त्यावरून कौस्तुभ नाव ठेवून बारसं पार पडलेलं. खऱ्या वेळेने चंद्र आर्द्राच्या चौथ्या चरणात, अक्षर 'छ'.

"छ वरून काय ठेवू आता, छगन?" ती म्हणाली. "कौस्तुभच राहू दे. मामांना सांग, पत्रिका तेवढी नवीन करून दे, आणि सासूबाईंना तूच फोन कर."