डायरी कोरी, पण पिशवीत डिस्चार्ज कार्ड

मी नाशिकमध्ये एका खाजगी हॉस्पिटलच्या क्लिनिकल ट्रायल विभागात स्टडी कोऑर्डिनेटर आहे. हॉस्पिटलचं नाव, औषधाचं नाव वगैरे काही सांगणार नाही, पेशंटच्या बाबतीतही ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, पण एका दिवशी "दुष्परिणाम" या शब्दाबद्दल जे समोर आलं ते मराठीत ट्रायलचे कागद लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला वाटतं म्हणून लिहितेय.

ट्रायल टाइप टू डायबेटिसची होती. चालू गोळ्यांच्या जोडीला एक नवीन गोळी, निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळतंय ते आम्हालाही माहीत नाही, पेशंटलाही नाही. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार काका त्यात होते, साठीच्या आसपासचे, अतिशय शिस्तीचे. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपासुद्धा मोजून परत आणायचे. एप्रिलमधली व्हिजिट होती, बागेत खरड छाटणी चाललेली, काका आले ते डाव्या हाताला प्लास्टर घालून.

पेशंटनं घरी नोंदी करायला आम्ही देतो ती डायरी मी आधी उघडली. कोरी. एकही ओळ नाही. म्हटलं काका हे हाताला काय झालं? तर म्हणाले, "काही नाही ताई, बागेत पडलो." कधी, कसे, असं विचारत गेले तेव्हा कळलं की सकाळी काही न खाता बागेत गेले होते, उन्हात चक्कर आली, हातावर पडले, मुलानं पिंपळगावच्या दवाखान्यात नेलं आणि तिथं एक रात्र ठेवून घेतलं. मग त्यांनी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून दिलं. मनगटाला फ्रॅक्चर तर होतंच, पण कार्डावर दाखल करतानाची शुगर लिहिलेली होती, 56. सत्तरच्या खाली शुगर म्हणजे हायपोग्लायसेमिया, म्हणजे ही चक्कर नुसती उन्हाची नव्हती.

मी विचारलं, काका हे डायरीत का नाही लिहिलं, फोन का नाही केला? त्यांनी डायरीचं पान माझ्यासमोर धरलं आणि बोट ठेवून दाखवलं. तिथं छापलेलं होतं, "अभ्यासाच्या औषधाचे काही दुष्परिणाम झाल्यास खाली नोंदवा." मग खिशातलं कार्ड काढलं, जे आम्हीच प्रत्येकाला देतो. त्यावर, "गंभीर दुष्परिणाम झाल्यास त्वरित फोन करा." काका म्हणाले, "मी ऊन लागून पडलो, गोळीचा दुष्परिणाम कुठं होता तो? उगीच खोटं कसं लिहू?" त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. जे विचारलं होतं त्याचं त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं होतं, प्रश्नच चुकीचा छापला होता.

इंग्रजी मूळ काढून बघितलं तर दोन्ही ठिकाणी शब्द होता ॲडव्हर्स इव्हेंट. आणि ॲडव्हर्स इव्हेंटची व्याख्याच अशी आहे की ट्रायलमधल्या माणसाच्या तब्येतीत झालेली कुठलीही वाईट गोष्ट, मग तिचा औषधाशी संबंध असो किंवा नसो. ताप, अपघात, कुत्रं चावणं, रक्ताच्या रिपोर्टमधला बिघाड, सगळं त्यात येतं. संबंध आहे का नाही ते ठरवणं हे नंतरचं काम आहे आणि ते डॉक्टरचं आहे, पेशंटचं नाही. "दुष्परिणाम" म्हटलं की ते डॉक्टरचं काम आपण पेशंटच्या गळ्यात टाकतो, आणि तो त्याला जमेल तसं ठरवतो आणि जे औषधाचं वाटत नाही ते गाळून टाकतो. आणि नवीन औषधाचा न माहीत असलेला त्रास नेमका अशा "हे औषधाचं नाही" वाटणाऱ्या गोष्टींमध्येच लपलेला असतो.

मग पुढची धावपळ. एक रात्र का होईना पण ॲडमिट झाले होते, म्हणजे ही सिरियस ॲडव्हर्स इव्हेंट. आपल्याकडे 2019 च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे अशी घटना इन्व्हेस्टिगेटरनं, म्हणजे ट्रायलच्या डॉक्टरनं, घडल्यापासून 24 तासांत सेंट्रल लायसन्सिंग ऑथॉरिटीला, स्पॉन्सरला म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. आम्हाला कळेपर्यंत ते 24 तास कधीच उलटून गेले होते. उशीर झाला तर कारण लेखी द्यावं लागतं, ते लिहून त्याच दिवशी रिपोर्ट गेला. कारणात आम्ही डायरीतलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

रिपोर्ट भरताना आमच्या डॉक्टरांबरोबर बसले होते तेव्हा लक्षात आलं की या एका काकांमध्ये ॲडव्हर्स इव्हेंट, साइड इफेक्ट आणि कॉम्प्लिकेशन हे तिन्ही शब्द समोर उभे आहेत. पडणं आणि फ्रॅक्चर ही ॲडव्हर्स इव्हेंट, हा शब्द फक्त "असं झालं" एवढंच सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. शुगर खाली जाणं हा त्यांच्या जुन्या ग्लिमेपिराइड गोळीचा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, आणि नवी गोळी असेल तर तिनं त्यात भर घातली असेल हेही शक्य, म्हणून डॉक्टरांनी संबंधाच्या रकान्यात "शक्य" लिहिलं, गोळी खरी का प्लासिबो ते न उघडता. आणि काकांच्या तळपायांना आधीपासून मुंग्या आणि बधिरपणा होता, ती डायबेटिसची कॉम्प्लिकेशन, म्हणजे आजारातून निर्माण झालेली. ती ट्रायलच्या आधीच होती म्हणून ती इव्हेंट म्हणून धरली नाही, पण ट्रायलमध्ये ती वाढली असती तर ते वाढणं मात्र इव्हेंट झालं असतं. म्हणजे हे तीन वेगवेगळे कप्पे नाहीयेत. पहिला शब्द सगळ्यांना पोटात घेणारा, कारण न सांगणारा, आणि बाकीचे दोन कारण सांगणारे, एक औषधाकडे बोट दाखवतो आणि दुसरा आजाराकडे किंवा ऑपरेशनसारख्या प्रोसिजरकडे.

संध्याकाळी सगळी मराठी कागदपत्रं टेबलावर पसरली. संमतीपत्रात ॲडव्हर्स इव्हेंटला एका पानावर "प्रतिकूल परिणाम", दुसऱ्यावर "विपरीत परिणाम", तिसऱ्यावर "दुष्परिणाम". साइड इफेक्टलाही "दुष्परिणाम". रक्त काढताना होणाऱ्या कॉम्प्लिकेशनलाही "दुष्परिणाम". या सगळ्यांत "परिणाम" आहे, आणि मराठीत परिणाम म्हटला की तो कशाचा तरी असतोच, म्हणून पुढे कितीही विशेषणं बदलली तरी ॲडव्हर्स इव्हेंटसाठी तो चालतच नाही. "घटना" चालतो, कारण घटना नुसती घडते.

सगळ्यात वाईट वाटलं ते भरपाईच्या परिच्छेदाचं. इंग्रजीत होतं की ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. यात तपासणीसाठी केलेल्या प्रोसिजरमुळे झालेली इजाही येते, नियमातच तसं आहे. मराठीत झालं होतं "औषधाच्या दुष्परिणामामुळे इजा झाल्यास". म्हणजे उद्या रक्त काढताना कोणाच्या हाताची नस दुखावली तर त्यानं मराठी कागद वाचून समजायचं की आपल्याला काही मिळणार नाही. हक्कच छोटा करून टाकला एका शब्दानं.

मग प्रश्न पडला की बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे मराठीचं परत इंग्रजी करून मूळाशी ताडून बघणं, ते झालं होतं, सर्टिफिकेट लावलेलं होतं, तरी हे सुटलं कसं? ते काढून बघितलं तर उत्तर तिथंच होतं. दुसऱ्या अनुवादकानं "दुष्परिणाम"चं परत इंग्रजी केलं "ॲडव्हर्स इफेक्ट". तपासणाऱ्याला ॲडव्हर्स दिसलं, इव्हेंट आणि इफेक्ट यातला फरक त्याच्या नजरेतून निसटला आणि टिक झाली. म्हणून माझं आता स्पष्ट मत आहे की या शब्दांसाठी बॅक ट्रान्सलेशनवर भरवसा ठेवूच नये, उलट मराठी कागदात "दुष्परिणाम" सर्च करावा आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजी मूळ उघडून बघावं की तिथं नक्की काय होतं.

भाषांतर करणाऱ्या एजन्सीशी बोलून आम्ही शब्द पक्के केले. ॲडव्हर्स इव्हेंट म्हणजे "प्रतिकूल घटना", सगळ्या कागदांत हाच. ॲडव्हर्स रिॲक्शन, जिथं औषधाशी संबंध असल्याची वाजवी शक्यता आहे, तिथं "औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया". साइड इफेक्टला "दुष्परिणाम", आणि तो फक्त त्यालाच. कॉम्प्लिकेशनला "गुंतागुंत", पण सुटी कधीच नाही, "आजारातून झालेली गुंतागुंत" किंवा "तपासणीमुळे झालेली गुंतागुंत" असं, कारण नुसतं गुंतागुंत म्हटलं की लोकांना केस किचकट झाली असं वाटतं. सिरियसला "गंभीर" आणि सिव्हिअरला "तीव्र", हे तर काटेकोर पाळायला हवं, डोकं खूप दुखलं तर ते तीव्र असेल पण गंभीर नाही, आणि काकांचं मनगट मध्यम तीव्रतेचंच होतं पण ॲडमिट झाले म्हणून गंभीर.

इंग्रजी कागदातच एका ठिकाणी साइड इफेक्ट आणि त्याच यादीला पुढे ॲडव्हर्स इव्हेंट असं लिहिलेलं होतं. तिथं एजन्सीचा अनुवादक गुपचूप एकसारखं करून द्यायला तयार होता, मी नको म्हटलं, स्पॉन्सरला लेखी विचारायला लावलं. इंग्रजीतला गोंधळ मराठीत निस्तरला तर दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागतात.

पण शब्द पक्का झाला म्हणजे तो कळतोच असं नाही. ओपीडीत बसलेल्या एका आजींना "प्रतिकूल घटना" वाचायला दिलं, त्या म्हणाल्या, "म्हंजे ॲक्सिडेंट का?" म्हणून संमतीपत्रात तो शब्द पहिल्यांदा येतो तिथंच त्याचा अर्थ साध्या मराठीत दिला, आणि डायरीत आणि कार्डावर तो शब्द ठेवलाच नाही. डायरीत आता असं आहे, "मागच्या भेटीनंतर तब्येतीत जे काही वेगळं झालं, कुठलाही त्रास, आजार, पडणं, लागणं, ते सगळं लिहा. औषधामुळे झालं असं वाटत नसलं तरी लिहा." कार्डावर, "कुठल्याही कारणानं दवाखान्यात ॲडमिट झालात तर लगेच फोन करा."

हे सगळं एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय वापरता येत नाही, नवीन व्हर्जन नंबर, नवीन तारीख, आणि संमतीपत्र बदललं म्हणून चालू पेशंटची पुन्हा संमती. मंजूर डायरीवर पेनानं खाडाखोड करायलाही परवानगी नसते. तोपर्यंत आम्ही तोंडी प्रश्न बदलला, "गोळीचा काही त्रास?" हे विचारणं बंद केलं आणि "मधल्या दिवसांत काय काय झालं?" असं विचारायला लागलो.

नव्या डायरीत नोंदी भरपूर यायला लागल्या, कांद्याच्या गोण्या उचलताना धरलेली पाठ, नातवाकडून लागलेली सर्दी, दाढदुखी. आमचं काम वाढलं, प्रत्येक नोंद डॉक्टरांसमोर जाते. पुढच्या व्हिजिटला काकांचं प्लास्टर निघालेलं होतं पण बोटं नीट वळत नव्हती, त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं, "बोटे आखडतात, सकाळी जास्त." डॉक्टरांनी ती फ्रॅक्चरमुळे झालेली गुंतागुंत म्हणून आधीच्या घटनेला जोडली, आणि तिची स्वतंत्र प्रतिकूल घटना म्हणूनही नोंद केली.