हलशीच्या नोंदी, टप्पा ४: मिनिट-सेकंद लिहिले, तरी वाक्य सापडेना

हलशीवर जे काही छापलं गेलंय, त्याचे संदर्भ लावणं सोपं आहे, पान क्रमांक दिला की झालं. पण खानापूर तालुक्यातल्या या गावाबद्दल, म्हणजे जुन्या पलाशिकेबद्दल, अलीकडे ऐकायलाच जास्त मिळतं: पॉडकास्टमधल्या मुलाखती, धारवाड-बेळगावच्या सभागृहांतली ध्वनिमुद्रित व्याख्यानं. एपीए आणि एमएलए या दोन्ही संदर्भपद्धतींत अशा ठिकाणी पानाऐवजी वेळ लिहितात. मीही तेच करत होतो. अशा २३ नोंदी जमल्यावर त्या निपाणीच्या आमच्या सरांकडे पाठवल्या. त्यांनी फक्त माझी नोंद बघून ते वाक्य शोधायचं, असं ठरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. ‘‘अहो, २७:१४ लावून बसलोय मी. ताम्रपटांचं काहीच नाही इथं, पाहुणे अजून रस्त्याबद्दलच बोलायलेत.’’

मी माझी फाईल उघडली. २७:१४ ला पाहुणे व्यवस्थित सांगत होते की हलशीचे ताम्रपट संस्कृतात आहेत आणि त्यांत जैनांना दिलेली दानं आहेत. भाग तोच होता, तारीखही तीच. शेवटी दोघांनी एकूण लांबी बघितली. माझ्याकडे ५८:४२, सरांकडे ६१:१२. अडीच मिनिटांचा फरक.

कारण जाहिराती. बऱ्याच पॉडकास्टमध्ये जाहिरात मूळ ध्वनिमुद्रणात नसते, फाईल उतरवून घेताना सर्व्हर ती मध्ये घालतो. मी मार्चमध्ये बेळगावात उतरवली, सरांनी जूनमध्ये निपाणीत. दोघांच्या वाट्याला वेगळ्या जाहिराती आल्या, आणि त्यांची लांबीही वेगळी होती.

मग मी मोठ्या विश्वासानं सांगितलं, ‘‘सर, अडीच मिनिटं पुढं जा की.’’ २९:४४ ला गेले, तर वाक्य मागे पडलेलं. सापडलं २८:२९ ला, म्हणजे फक्त सव्वा मिनिट पुढे. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. सरांच्या फाईलमध्ये सव्वा मिनिटाची एक जाहिरात अगदी सुरुवातीला होती आणि तेवढीच दुसरी चाळिसाव्या मिनिटानंतर. आपलं वाक्य या दोन्हींच्या मध्ये, म्हणून त्याला पहिल्या जाहिरातीचाच धक्का बसला. एकूण लांबीतल्या फरकावरून फाईल वेगळी आहे एवढंच कळतं. तुमच्या वाक्यापर्यंत किती सेकंद सरकलेत, ते त्यावरून कळत नाही.

आता मी दोन वेळा मोजतो. पहिली फाईलच्या सुरुवातीपासूनची, दुसरी निवेदिकेच्या पहिल्या ‘नमस्कार’पासूनची. या भागात माझ्याकडे ‘नमस्कार’ ०:४२ ला आहे, सरांकडे १:५७ ला. आपापल्या आकड्यातून वजा केलं तर दोघांकडेही २६:३२ येतात. फाईल बदलली तरी हा आकडा टिकतो, मात्र ‘नमस्कार’ आणि वाक्य यांच्यामध्ये जाहिरात नसेल तरच. असेल तर हेही फसतं. म्हणून जवळची एक खूण लागतेच: वाक्याच्या लगेच आधी कुणी काय विचारलं. इथे निवेदिका विचारते, ‘‘आणि ते पत्रे सापडले कुठं?’’ त्यानंतर १८ सेकंदांनी आपलं वाक्य सुरू होतं. मधली जाहिरात सहसा संभाषणाच्या विरामात येते. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मला ती आजवर एकदाही दिसली नाही.

व्याख्यानाची गोष्ट निराळी निघाली. एका संस्थेनं यूट्यूबवर थेट दाखवलेलं व्याख्यान मी त्याच रात्री ऐकून ४२:१८ अशी नोंद केली होती. दुव्यात सेकंदच द्यावे लागतात, म्हणून ४२ गुणिले ६० अधिक १८, एकूण २५३८. सरांनी तो दुवा दाबला तर थेट आभारप्रदर्शन. संस्थेनं नंतर सुरुवातीची खुर्च्या लावण्याची, माइक तपासण्याची ११ मिनिटं २० सेकंद कापून टाकली होती. यूट्यूबवर असा भाग कापला तरी दुवा तोच राहतो, त्यामुळे दुव्याकडे बघून काहीच संशय येत नाही. लांबीवरून मात्र आला: माझ्या वहीत १:३४:०५ आणि आता पडद्यावर १:२२:४५. फरक बरोबर ११:२०. इथे कापलेला सगळा भाग वाक्याच्या आधीचा होता, म्हणून सरळ वजाबाकी चालली. २५३८ मधून ६८० गेले, उरले १८५८, म्हणजे ३०:५८. नवा दुवा असा:

```
https://youtu.be/VIDEO_ID?t=1853
```

(VIDEO_ID च्या जागी त्या व्हिडिओचा क्रमांक.) दुव्यात मी आता पाच सेकंद आधीची वेळ देतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट मिळत नाही. नोंदीत मात्र नेमकी वेळच लिहितो, आणि वाक्य संपतं तीही: ०:३०:५८ ते ०:३१:४०. तासाचं शून्य मुद्दाम लिहितो. नुसतं ‘१:२२’ लिहिलं तर एक मिनिट बावीस सेकंद की एक तास बावीस मिनिटं, असा घोळ होतो. माझ्या जुन्या वहीत तो दोनदा झालाय.

आपल्या भागातली एक अडचण इथे सांगायला हवी. हे व्याख्यान कन्नडमध्ये होतं आणि मी नोंद मराठीत केली होती: ‘हलशीला सापडलेला ताम्रपट’. सर वेळेच्या आसपास कान देऊन ‘ताम्रपट’ ऐकू येण्याची वाट बघत राहिले, आणि वक्ते म्हणत होते ‘हलसियल्लि सिक्क ताम्रशासन’. खुणेचे शब्द तोंडून जसे आले तसेच लिहायला हवेत, देवनागरीत का होईना. मराठी अर्थ त्याच्या खाली. सीमाभागात एकच वक्ता पहिलं वाक्य मराठीत आणि दुसरं कन्नडमध्ये बोलतो, त्यामुळे ही चूक माझ्या नोंदींत बऱ्याच ठिकाणी निघाली. त्या सगळ्या पुन्हा ऐकाव्या लागल्या.

एका जुन्या एमपी३ मध्ये तर फाईल तीच असून फोन आणि संगणक नऊ सेकंदांच्या फरकानं वेगळी वेळ दाखवत होते. ती फाईल बदलत्या बिटरेटची होती आणि तिच्या सुरुवातीला शोधतक्ता नव्हता. मग प्लेअर मधली जागा अंदाजानं काढतो. वेव्हमध्ये बदलून तिथली वेळ घेतली, आणि नोंदीत ‘वेव्हवरून’ असं लिहिलं:

```
ffmpeg -i halashi.mp3 halashi.wav
```

आता माझी एक नोंद वहीत अशी दिसते: भागाचं नाव आणि प्रसारणाची तारीख. मी ऐकली ती तारीख, फाईलची लांबी ५८:४२. वेळ ०:२७:१४ ते ०:२७:५१, ‘नमस्कार’पासून २६:३२. खूण: ‘पत्रे सापडले कुठं’ नंतर १८ सेकंद. पहिले शब्द: ‘ते सगळे संस्कृतात आहेत बघा’. चार ओळी होतात, पण यातली कुठलीही एक वेळ हुकली तरी बाकीच्यांवरून वाक्य गाठता येतं.

२३ पैकी १४ नोंदी अशा नव्यानं लिहून सरांकडे पुन्हा पाठवल्या. १३ त्यांना पहिल्या झटक्यात सापडल्या. चौदावीचा भाग मूळ वाहिनीवरून काढूनच टाकलाय. माझ्याकडची फाईल जपून ठेवलीय आणि नोंदीत तसं स्पष्ट लिहिलंय. उरलेल्या नऊ नोंदींपैकी सहा कॅसेटवरून उतरवलेल्या आहेत. त्यांत ‘अ’ बाजू संपून ‘ब’ कुठे सुरू होते, ते या रविवारी बसून काढायचंय.