आमची वाटचाल : दांडिया बाजारात पाणी शिरलं त्याची गोष्ट

बडोद्यात दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत आमचा टूडी अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ सुरू झाला. सुरुवातीला दागिने, चनियाचोळी, फरसाण अशा जाहिराती करायचो. मग पाणी आलं. विश्वामित्रीचं नव्हे, ते तर अधूनमधून येतंच. लहान मुलांच्या एका गोष्टीत विहिरीत पडलेली किल्ली काढायला उडी मारणारी मुलगी होती, आणि ते काम आमच्याकडे आलं.

गिऱ्हाइकाचं म्हणणं साधं होतं: "पोहणं स्लो मोशनमध्ये टाका, झालं." आम्ही नाही म्हटलं. नुसता वेग कमी केला की मुलगी पाण्यात नाही, चंद्रावर आहे असं वाटतं. हवेत हात झटकला की तो थोडा पुढे जाऊनच थांबतो. पाण्यात जोर संपला की हाताचा वेग तिथेच मरतो. म्हणून आम्ही हात मागे खेचायला १२ फ्रेम दिल्या आणि पुढच्या २८ फ्रेम ती नुसती सरकत राहते. त्यात चित्रांमधलं अंतर कमी कमी होत जातं. केस अंगाच्या मागून सहाएक फ्रेमनी येतात. अंग थांबलं की ते पुढे चेहऱ्यावर येतात, कारण अंगाबरोबर ओढलं गेलेलं पाणी अजून थांबलेलं नसतं.

बुडबुडे मात्र हळू करायचे नाहीत, नाहीतर फुगे दिसतात. मध्यम बुडबुडा सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर वर जातो. आमची मुलगी १२० सेंटिमीटरची, पडद्यावर ६०० पिक्सेल. म्हणजे बुडबुडा सेकंदाला १२५ पिक्सेल, फ्रेमला पाचेक. मुलीचं एक चित्र दोन फ्रेम टिकलं तरी चालतं, पण बुडबुडा तसा काढला तर तो अडखळत वर जाताना दिसतो, म्हणून त्याला प्रत्येक फ्रेमला हलवावं लागतं. अगदी बारीक बुडबुडे गोल आणि सरळ जातात, वाटाण्याएवढे चपटे होऊन नागमोडी. मोठ्ठा बुडबुडा छत्रीसारखा. सगळे गोल काढलेले दिसले की काम घाईत उरकलंय हे कळतं.

उजेडाच्या तिरिपी चौकटीच्या वरच्या एकाच बिंदूतून फाकतात. आम्ही त्या 'स्क्रीन' मोडवर, पंधराएक टक्के ओपॅसिटीने लावतो आणि तळाशी पोचायच्या आत विरवतो. प्रत्येक तिरीप आपापल्या वेळेने उजळते आणि विझते. सगळ्या एकत्र डावी-उजवीकडे सरकल्या तर स्टेजवरचे दिवे वाटतात. विहिरीचं तोंड अरुंद, म्हणून तिथे आम्ही चारच ठेवल्या. आणि किल्लीची लाल फीत तळाशी तपकिरी रंगवली, कारण पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी नाहीसा होतो.

ते काम पाहून पाण्याची आणखी कामं आली. सेकंदाचा दर त्याला आम्ही जास्तच लावतो. बुडबुड्यांसाठी एक माणूस वेगळा बसवावा लागतो, आणि नवरात्रीच्या जाहिराती आल्या की नेमका तोच हवा असतो.