फळीवरचं पोतं आणि घर्षणाचा बाण

"सर, उतारावरच्या ठोकळ्याला घर्षणाचा बाण वर काढायचा की खाली? आणि त्याची किंमत μN च घ्यायची ना?"

सुटलेला ठोकळा घसरत असेल तर बाण वर आणि किंमत μN. पण ठोकळा जागच्या जागी उभा असेल, तर दोन्ही गोष्टी आधी ठरवता येत नाहीत. बेळगावात फर्स्ट पीयूला आलेली आमची मराठी शाळेतली मुलं नेमकी इथेच अडतात. घर्षण गतीला विरोध करतं, एवढं वाक्य शाळेतून पाठ झालेलं असतं, आणि समोरचा ठोकळा तर हलतच नसतो. मग विरोध कुणाला?

मी त्यांना मार्केट यार्डातली फळी आठवायला सांगतो. टेम्पोचा हौदा जमिनीपासून ०.९ मीटर उंच, फळी १.५ मीटर लांब. म्हणजे sinθ = ०.६ आणि cosθ = ०.८, उतार साधारण ३७ अंशांचा. फळीवर बटाट्याचं ५० किलोचं पोतं आहे आणि हमाल मामा ते फळीला समांतर वर रेटताहेत. g १० धरू, स्थितिक घर्षणाचा गुणांक μ ०.५ धरू.

आता फ्री बॉडी आकृती. फळी, टेम्पो, मामा सगळं पुसून टाका, फक्त पोतं उरू द्या. फ्री बॉडीतला 'फ्री' तो हाच. पुसलेल्या प्रत्येक वस्तूने पोत्यावर काय केलं, तेवढेच बाण काढायचे. पृथ्वीचा ५०० न्यूटन, सरळ खाली. फळीचा लंब बल N, फळीला काटकोनात. मामांचा रेटा F, फळीवरून वर. आणि फळीचंच घर्षण f. चार बाण, पाचवा नाही. mg sinθ चा बाण mg च्या शेजारी काढून दोन्ही मोजणारी मुलं दरवर्षी भेटतात. तो mg चाच तुकडा आहे, तुटक रेघेने दाखवा. sin कुठे आणि cos कुठे याचा गोंधळ झाला तर फळी मनात आडवी करून बघा. θ शून्य झाल्यावर उताराच्या दिशेचा तुकडा नाहीसा व्हायला हवा, म्हणून तिथे sin.

फळीला काटकोनात हिशेब केला की N = ४०० न्यूटन. उतारावरून खाली ओढणारा तुकडा ३०० न्यूटन. घर्षणाची कमाल मर्यादा ०.५ × ४००, म्हणजे २०० न्यूटन. हा २०० आकडा छताचा आहे. घर्षण दर वेळी तिथवर जाईलच असं नाही.

f चा बाण वर धरून लिहा: F + f = ३००. मामांनी हात काढला तर ३०० लागतील, फळीकडे २०० च आहेत, पोतं घसरणार. म्हणून निदान १०० चा रेटा हवाच. त्यांनी २५० दिला तर घर्षण फक्त ५०, वरच्या दिशेने. ३०० दिला तर घर्षण शून्य: फळी खडबडीत आहे, पोतं उभं आहे, आणि तरी शून्य! वर्गात हे पटायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि मीही तिथे घाई करत नाही. मग ४०० दिला तर f = −१००. उणे चिन्ह म्हणजे चूक नव्हे. बाण उलटा करा, घर्षण आता खाली आहे. कारण ते नसतं तर पोतं वर सरकलं असतं. ५०० ला छत गाठलं जातं आणि त्यापुढे पोतं चढू लागतं.

म्हणजे १०० ते ५०० पर्यंत कुठलाही रेटा दिला तरी पोतं उभंच, आणि त्या पट्ट्यात घर्षण दोनशे वरपासून दोनशे खालीपर्यंत फिरून येतं. दिशा विचारायची तर असं विचारा: आत्ता घर्षण गायब झालं, तर पोतं कुठे जाईल? त्याच्या उलट बाण. किंमत मात्र समीकरणातूनच काढायची, आणि आलेला आकडा μN पेक्षा मोठा निघाला तर 'पोतं उभं आहे' हे गृहीतकच मोडलं असं समजायचं. घसरणाऱ्या पोत्याला मात्र ही मोकळीक नाही. तिथे गतिज गुणांक घ्यायचा, आणि बाण घसरण्याच्या उलटच.

एक सावधगिरी मात्र राहतेच. मुलं N = mg cosθ सुद्धा पाठ करून टाकतात. मामा फळीला समांतर न रेटता जमिनीला समांतर ४०० न्यूटनने रेटत असतील, तर त्यातले ३२० उतारावरून वर लागतात आणि २४० पोत्याला फळीवर दाबतात. N आता ६४०, छत ३२०, आणि प्रत्यक्ष घर्षण फक्त २० न्यूटन, खालच्या दिशेने. या गणितात f च्या जागी सवयीने ०.५ × ४०० लिहिणाऱ्याचे आकडे जुळत नाहीत, आणि वहीत मागे जाऊन पाहिलं तर त्याने N चा बाण काढलाच नव्हता, थेट सूत्र लिहिलं होतं.